व्यवसाय परवान्याचं नूतनीकरण : जुना परवाना समोर ठेवून अर्ज कसा लिहायचा

महापालिकेच्या परवाना विभागात नूतनीकरणाचा अर्ज गेला की टेबलावरचा लिपिक सगळ्यात आधी जुना परवाना क्रमांक शोधतो. त्या क्रमांकावरून तो नोंदवही किंवा संगणकातली नोंद काढतो आणि मग अर्जातली एकेक गोष्ट तिच्याशी ताडून बघतो : परवानाधारकाचं नाव, जागेचा पत्ता, धंद्याचं स्वरूप, मोटार असेल तर तिची अश्वशक्ती, मागच्या वर्षीचं शुल्क भरल्याची पावती. सगळं जुळलं तर अर्ज पुढे सरकतो. एक गोष्ट जरी जुळली नाही तर त्रुटी निघते, आणि त्रुटी निघाली की फेऱ्या सुरू होतात. म्हणून पहिल्यांदा नूतनीकरण करणाऱ्याने अर्जाची भाषा घोकण्यापेक्षा जुना परवाना नीट वाचायला अर्धा तास द्यावा.

उदाहरणासाठी एक पिठाची गिरणी घेऊ. गाळा भाड्याचा, गिरणी बाईंच्या नावावर, एका बाजूला दळण आणि दुसऱ्या बाजूला मिरची कांडप. परवाना ३१ मार्च २०२६ पर्यंतचा. मधल्या काळात दोन बदल झाले आहेत : भाडेकरार संपून नवा झाला आहे आणि चक्कीची जुनी ५ अश्वशक्तीची मोटार जळाल्यावर तिच्या जागी ७.५ ची बसवली आहे. क्रमांक आणि तारखा नमुन्यापुरत्या आहेत, पण अशी परिस्थिती गल्लोगल्ली सापडते.

कोणता परवाना, ते आधी पक्कं करा

दुकानाच्या भिंतीवर तीन-चार कागद फ्रेम करून लावलेले असतात आणि नव्या माणसाला सगळे ‘लायसन्स’च वाटतात. शॉप ॲक्टची नोंद कामगार विभागाकडची असते (मुंबईत हे काम महापालिकेचं दुकाने व आस्थापना खातं बघतं). खाद्यपदार्थांची नोंदणी किंवा परवाना अन्नसुरक्षा कायद्याखालचा. आपल्याला हवा आहे तो महापालिकेने धंदा किंवा साठा करण्यासाठी दिलेला परवाना. मुंबई सोडून राज्यातल्या इतर महापालिकांत तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ३७६ खाली दिला जातो. मुंबईत १८८८ च्या महापालिका अधिनियमाचं कलम ३९४ लागतं. परवान्यावर सहसा कलम छापलेलं असतं. ते बघितलं की कागद ओळखायला चूक होत नाही.

विभागाचं नाव गावागणिक बदलतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ आहे, मुंबईत विभाग कार्यालयात परवाना खातं असतं, तर नगरपरिषद असेल तर अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने करायचा. तुमच्या परवान्यावर ज्या कार्यालयाचा शिक्का आहे, तेच तुमचं कार्यालय.

अर्ज कधी करायचा

बहुतेक ठिकाणी परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं धरतात. मुदत मार्चअखेर संपणार असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज टाकलेला बरा. मार्चमध्ये पालिकेची सगळी यंत्रणा मालमत्ता कराच्या वसुलीत असते. परवाना निरीक्षकही त्या कामाला जुंपलेले असू शकतात, मग स्थळपाहणी एप्रिलवर जाते. मुदत उलटल्यावर अर्ज केला तर विलंब शुल्क लागतं, आणि मध्ये काही वर्षं नूतनीकरण झालंच नसेल तर मागील वर्षांचं शुल्कही मागितलं जातं. अंतर जास्त असेल तर नवीन परवान्याचा अर्ज करायला सांगतात. अशा वेळी अर्ज लिहिण्याआधीच विभागात जाऊन ‘नूतनीकरण होईल की नवीन घ्यावा लागेल?’ हे विचारून घ्या, कारण दोन्हींचे नमुने आणि कागद वेगळे असतात.

जुना परवाना वाचताना

परवाना टेबलावर ठेवा, शेजारी कोरा कागद घ्या आणि त्यावरच्या नोंदी जशाच्या तशा उतरवून काढा. आमच्या उदाहरणात यादी अशी होते : परवाना क्रमांक १४८७/२०२१-२२, परवानाधारकाचं पूर्ण नाव, पत्ता – गाळा क्र. ३, तळमजला, मिळकत क्र. ५६२, व्यवसाय – पिठाची गिरणी व मिरची कांडप, विद्युत मोटार – ५ व ३, एकूण ८ अश्वशक्ती, मुदत – ३१ मार्च २०२६ पर्यंत, शेवटच्या शुल्काची पावती क्र. ३०९१, दिनांक २१ फेब्रुवारी २०२५.

इथे ‘जशाच्या तशा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. परवान्यावर ‘पिठाची गिरणी व मिरची कांडप’ असेल आणि अर्जात तुम्ही ‘फ्लोअर मिल व मसाला उद्योग’ लिहिलंत, तर तुमच्या लेखी ते एकच असलं तरी लिपिकाच्या लेखी धंद्याचं स्वरूप बदललेलं असतं. नावाचंही तसंच. परवान्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर अर्जात परवान्यावरचं नाव लिहा, पुढे ‘(आधार कार्डानुसार अमुक)’ असं जोडा आणि नावबदलाचा पुरावा सोबत द्या. पत्त्यात रस्त्याचं नाव बदललं असेल किंवा मिळकतीला नवा क्रमांक पडला असेल तर जुना आणि नवा असे दोन्ही द्या. जागा तीच आहे हे वाचणाऱ्याला एका ओळीत कळलं पाहिजे.

परवान्याची मागची बाजूही वाचा. तिथे अटी छापलेल्या असतात : कामाच्या वेळा, अग्निशमनाची साधनं, रस्त्यावर साहित्य न ठेवणं. निरीक्षक पाहणीला येतो तो या अटी घेऊनच.

मूळ परवाना सापडत नसेल तर नूतनीकरणाआधी दुय्यम प्रतीचा अर्ज करा. क्रमांकही आठवत नसेल तर जुन्या शुल्काच्या पावतीवर तो असतो, आणि तीही नसेल तर मिळकत क्रमांक आणि परवानाधारकाचं नाव सांगितल्यावर विभागातून शोधता येतो.

बदल झाला असेल तर

नूतनीकरण म्हणजे आहे तोच परवाना पुढच्या मुदतीसाठी. त्यात बदल घुसवता येत नाही. धंद्याचं नाव बदलणं, धंदा बदलणं, भागीदार कमी-जास्त होणं, परवाना दुसऱ्याच्या नावावर करणं यांसाठी महापालिकांकडे वेगवेगळ्या सेवा आहेत आणि प्रत्येकीचा वेगळा अर्ज आहे. नव्या माणसाची गाडी सर्वांत जास्त अडते ती इथेच.

गिरणीचंच घ्या. भाडेकरार नवा झाला, पण मालक तेच, भाडेकरू तीच, गाळा तोच. हा परवान्यातला बदल होत नाही. नवा करार जोडला की पुरे. मोटारीचं मात्र तसं नाही. परवान्यावर एकूण ८ अश्वशक्ती आहे आणि आता प्रत्यक्षात ७.५ अधिक ३ म्हणजे १०.५ झाली आहे. गिरणीच्या परवान्यात अश्वशक्ती ही मुख्य नोंद असते आणि शुल्कही बऱ्याच ठिकाणी तिच्यावरच ठरतं.

‘मोटार बदललेली कोणाला कळणार?’ असा सल्ला देणारे भेटतात. ती वीजबिलावरून कळते. एक अश्वशक्ती म्हणजे ०.७४६ किलोवॅट. ८ अश्वशक्तीचे होतात सुमारे ६ किलोवॅट आणि १०.५ चे जवळजवळ ८. मोठ्या मोटारीसाठी वीज कंपनीकडून भार वाढवून घेतला असेल तर अर्जाला जोडलेल्या बिलावर ‘मंजूर भार’ या रकान्यात ८ किलोवॅट दिसणार आणि परवान्यावर ८ अश्वशक्ती. आकडा सारखा दिसतो म्हणून फसू नका, एककं वेगळी आहेत आणि निरीक्षकाला ती पाठ असतात. शिवाय मोटारीच्या पाटीवर अश्वशक्ती कोरलेली असते. पाहणीत तो ती पाटी वाचतोच. नूतनीकरणासोबत ‘कोणताही बदल झालेला नाही’ असं स्वयंघोषणापत्र दिलंत आणि पाहणीत ७.५ ची मोटार निघाली, तर प्रश्न मोटारीपुरता राहत नाही. खोटी माहिती दिली म्हणून आहे तो परवानाही धोक्यात येतो.

म्हणून बाईंनी एकाच दिवशी दोन अर्ज द्यावेत : एक नूतनीकरणाचा, दुसरा अश्वशक्ती वाढवून मिळण्याचा, आणि दोन्हींत एकमेकांचा उल्लेख करावा. काही कार्यालयं दुसरा अर्ज आधी निकाली काढतात, काही दोन्ही एकत्र घेतात. क्रम त्यांनी ठरवावा; आपल्या बाजूने लपवलेलं काही नसावं.

परवानाधारक वारले असतील तर त्यांच्या नावाने नूतनीकरणाचा अर्ज मुलाने सही करून देऊ नये. आधी परवाना वारसाच्या नावावर हस्तांतरित करून घ्यायचा. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची संमती लागते.

सोबतचे कागद

प्रत्येक कागद कशासाठी मागतात हे कळलं की कोणती प्रत चालेल आणि कोणती नाही ते आपोआप कळतं. जुना परवाना आणि शेवटची पावती यांतून तुमची साखळी अखंड आहे हे दिसतं. भाडेकरार जागेवरचा हक्क दाखवतो; तो चालू मुदतीचा आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, त्यामुळे नुसत्या नोटरीच्या करारावर त्रुटी निघू शकते. करार अर्जाच्या दिवशी चालू असून भागत नाही. तो एप्रिलमध्ये संपत असेल तर निरीक्षक तेही विचारतो. शक्य असेल तर करार नवा करून मगच अर्ज टाका.

भाडेकरूंची खरी अडचण होते ती मालमत्ता कराची. कर भरायचा मालकाने आणि थकबाकी असली की परवाना अडतो भाडेकरूचा. मिळकत क्रमांक टाकून बऱ्याच महापालिकांच्या संकेतस्थळावर थकबाकी बघता येते. ती डिसेंबरमध्येच बघा आणि मालकाशी बोला. फेब्रुवारीत कळलं तर तुमच्या हातात वेळ उरत नाही. भाड्यातून वळती करून घ्यायच्या बोलीवर तुम्ही रक्कम भरणार असाल तर मालकाकडून तसं दोन ओळी लेखी घ्या.

वीजबिल अलीकडच्या महिन्याचं असावं. खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर अन्नसुरक्षा नोंदणीची चालू प्रत द्यावी. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला ज्या धंद्यांना लागतो, तिथे २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसुरक्षा कायद्याखाली परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यायचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्रही बघितलं जातं. तुमच्या धंद्याला ते लागतं का, हे जुन्या परवान्यासोबत कोणते कागद दिले होते त्यावरून कळेल. त्या वेळची झेरॉक्स ठेवलेली असेल तर तीच तुमची सर्वांत भरवशाची यादी.

प्रती साक्षांकित करायला राजपत्रित अधिकारी शोधायची गरज नाही. राज्य शासनाने २०१५ मध्ये अशा कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि स्वयंसाक्षांकन आणलं. प्रत्येक प्रतीवर ‘मूळ प्रतीवरून सत्य प्रत’ लिहून सही व तारीख टाका आणि सगळ्या पानांना क्रमांक द्या. हे क्रमांक अर्जातल्या यादीत लिहिले की पुढे एखादा कागद ‘मिळाला नाही’ असं कोणी म्हणू शकत नाही.

अर्जाचा नमुना

पालिकेचा छापील किंवा ऑनलाइन नमुना असेल तर तो भराच. सोबत हा अर्ज जोडला की मोटारीसारखी जी गोष्ट रकान्यात बसत नाही, ती सांगायला जागा मिळते.

दिनांक : १९ जानेवारी २०२६

प्रति,
मा. आयुक्त,
______ महानगरपालिका
(मार्फत : परवाना अधीक्षक, परवाना विभाग)

विषय : परवाना क्र. १४८७/२०२१-२२ (पिठाची गिरणी व मिरची कांडप) चे १ एप्रिल २०२६ पासून नूतनीकरण करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) वरील परवाना, मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत.
२) शुल्क भरल्याची पावती क्र. ३०९१, दि. २१ फेब्रुवारी २०२५.
३) अश्वशक्तीवाढीसाठी माझा आजच्या तारखेचा स्वतंत्र अर्ज.

महोदय/महोदया,

मी, श्रीमती ______, गाळा क्र. ३, तळमजला, मिळकत क्र. ५६२, ______ येथे संदर्भ क्र. १ च्या परवान्यानुसार पिठाची गिरणी व मिरची कांडप चालवते. परवान्याची मुदत ३१ मार्च २०२६ रोजी संपत आहे. चालू वर्षापर्यंतचे शुल्क भरलेले आहे.

परवानाधारक, जागा व व्यवसायाचे स्वरूप यांत बदल झालेला नाही. जागेचा भाडेकरार त्याच मालकांसोबत नव्याने नोंदवला असून प्रत सोबत जोडली आहे. गिरणीची ५ अश्वशक्तीची मोटार नादुरुस्त झाल्याने तिच्या जागी ७.५ अश्वशक्तीची मोटार बसवली आहे. त्यामुळे एकूण अश्वशक्ती ८ ऐवजी १०.५ झाली आहे. याबाबतचा स्वतंत्र अर्ज संदर्भ क्र. ३ प्रमाणे सादर केला आहे.

तरी परवान्याचे नूतनीकरण करून मिळावे, ही विनंती. देय शुल्काचे चलन मिळाल्यावर रक्कम त्वरित भरण्यात येईल. स्थळपाहणीसाठी गिरणी रोज सकाळी ९ ते दुपारी १ व सायंकाळी ५ ते ८ या वेळेत उघडी असते.

आपली विश्वासू,
(सही)
नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक

सोबत : १) मूळ परवान्याची प्रत – पान १ व २ (मागील बाजूसह). २) शुल्काची पावती – पान ३. ३) नोंदणीकृत भाडेकरार – पान ४ ते ११. ४) मालमत्ता कराची चालू वर्षाची पावती – पान १२. ५) वीजबिल – पान १३. ६) अन्नसुरक्षा नोंदणी – पान १४. ७) आधार कार्ड – पान १५. ८) स्वयंघोषणापत्र – पान १६.

विषयाच्या ओळीत परवाना क्रमांक यायलाच हवा, कारण आवक नोंदवहीत हीच ओळ उतरवली जाते आणि पुढे अर्ज शोधायचा झाला तर तोच धागा असतो. पाहणीची वेळ दिल्याने निरीक्षक येऊन कुलूप बघून परत जात नाही. बंद शटर दिसलं की टिपणीत ‘जागा बंद’ असा शेरा पडतो आणि तो काढायला पुन्हा अर्ज करावा लागतो.

अर्ज दिल्यावर

अर्ज दोन प्रतींत न्या. एक आवक विभागात किंवा नागरी सुविधा केंद्रात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील’ असं कोणी म्हटलं तरी पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नका. ऑनलाइन भरला असेल तर अर्ज क्रमांकाचं पान छापून ठेवा. मुदत संपल्यानंतर आणि नवा परवाना येण्याआधी कोणी तपासणीला आलं तर दाखवायला तुमच्याकडे ही पोच आणि शुल्काची पावती असली पाहिजे. तिच्यामुळे परवाना मिळाला असं होत नाही, पण तुम्ही वेळेत अर्ज केला होता हे सिद्ध होतं.

परवान्याचं नूतनीकरण ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित होणाऱ्या सेवांमध्ये आहे. सेवा किती दिवसांत द्यायची, पदनिर्देशित अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे करायचं, हे कार्यालयात फलकावर लावलेलं असतं. फलकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मुदत मोजली जाते ती सगळ्या कागदांसह परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. म्हणून तोंडी सांगितलेल्या त्रुटीवर ‘कृपया लेखी द्या’ असं नम्रपणे म्हणा आणि पूर्तताही लेखीच द्या, तिची वेगळी पोच घ्या. तोंडी त्रुटींमध्ये महिने जातात आणि मुदत कधी सुरू झाली हेच ठरत नाही. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. नाकारताना कारण लेखी देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि अपिलात तुमच्या बाजूने बोलणार ती पोच आणि पानांचे क्रमांक घातलेली यादी.

शुल्क चलनाने किंवा ऑनलाइनच भरा. पावतीवर परवाना क्रमांक बरोबर आला आहे ना, हे तिथल्या तिथे बघा. पैसे दुसऱ्याच परवान्याच्या खात्यात गेले तर ते वळते करून घेणं फार किचकट काम आहे.

नूतनीकृत परवाना हातात आला की जुन्याची प्रत शेजारी धरून वाचा : नाव, मिळकत क्रमांक, व्यवसाय, अश्वशक्ती, मुदतीच्या दोन्ही तारखा. आमच्या उदाहरणात अश्वशक्तीवाढ मंजूर झाली असेल तर १०.५ दिसली पाहिजे. अजून ८ च असेल तर दुसरा अर्ज प्रलंबित आहे असं समजून त्याच्या आवक क्रमांकासह लगेच विचारणा करा. छपाईची चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या. ती चूक तशीच राहिली तर पुढच्या नूतनीकरणात लिपिक तुमचा अर्ज ताडून बघेल तो त्या चुकीच्या नोंदीशीच.